पाहुण्यांचा परिचय दोन मिनिटांत: बायोडाटा खिशात ठेवा, माणूस समोर आणा

जयंतीचा महिना आला की आपल्या प्रत्येक वस्तीत एक कागद फिरू लागतो. प्रमुख पाहुण्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेला बायोडाटा कोणीतरी झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणतो आणि ऐन वेळी कोणाच्या तरी हातात कोंबतो. "तू वाच रे, तुझा आवाज चांगला आहे." मग तो मुलगा जन्मतारखेपासून सुरुवात करतो. प्राथमिक शिक्षण अमुक गावी, माध्यमिक शिक्षण तमुक गावी, पदव्या, पदे, पुरस्कार, परदेश दौरे. तिसऱ्या मिनिटाला मागच्या रांगेतली पोरे उठतात, पाचव्या मिनिटाला बायका आपसात बोलू लागतात, आणि मंचावर बसलेले पाहुणे मान खाली घालून घड्याळ पाहतात. मी स्वतः असा कागद अनेकदा वाचला आहे, म्हणून हे सांगण्याचा मला थोडा अधिकार आहे.

यात नुकसान कोणाचे होते ते आधी बघू. आपला कार्यक्रम पत्रिकेत सात वाजता असतो. बुद्धवंदना, त्रिसरण-पंचशील, प्रतिमापूजन, मान्यवरांचे स्वागत आणि मंडळाच्या अध्यक्षांचे प्रास्ताविक होईपर्यंत साडेआठ-पावणेनऊ वाजतात. मधे नगरसेवक येतात, त्यांचा सत्कार होतो. विहारासमोरच्या मोकळ्या मैदानात कार्यक्रम असेल तर ध्वनी प्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहाला भोंगा बंद करावा लागतो. वर्षातले काही ठरावीक दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते, पण आपला कार्यक्रम नेमका त्याच दिवशी असेल असे नाही. म्हणजे ज्या माणसाला ऐकायला आपण दीडशे किलोमीटरवरून बोलावले, त्याच्या वाट्याला जेमतेम तास उरतो. त्यातली आठ मिनिटे आपण त्याच्याच कौतुकात खर्च करतो. मंचावरून संथ बोलणारा माणूस मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द बोलतो. अडीच पानांचा बायोडाटा आठशे शब्दांचा असतो. हिशेब तुम्हीच करा.

पण "परिचय छोटा करा" म्हणणाऱ्यांना आमच्याकडचे जुने कार्यकर्ते एक उत्तर देतात, आणि ते खोटे नाही. ते म्हणतात, ज्या माणसाच्या आजोबाला सही येत नव्हती त्याने पीएच.डी. केली, तर ती चारचौघांत मोठ्याने सांगायला नको का? आपल्या समाजात पदवी म्हणजे नुसती पात्रता नसते, ती एका घराने काढलेली वाट असते. हे मला मान्य आहे. म्हणून प्रश्न पदव्या सांगायच्या की गाळायच्या असा नाही. आज, या विषयाला, या लोकांसमोर त्यातली कोणती सांगायची, हा खरा प्रश्न आहे.

याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण खुद्द बाबासाहेबांचे. कोलंबियाची एम.ए. आणि पीएच.डी., लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची एम.एस्सी. आणि डी.एस्सी., ग्रेज इनची बॅरिस्टरी, पुढे कोलंबियाची एलएल.डी. आणि उस्मानियाची डी.लिट. ही यादी आपल्यातल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. आता कल्पना करा की त्यांच्या कार्यावर चार वेगवेगळ्या सभा आहेत आणि प्रत्येक ठिकाणी तुम्हाला चार वाक्यांत त्यांची ओळख करून द्यायची आहे. बँक कर्मचाऱ्यांसमोर तुम्ही १९२३ सालचा त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ आणि हिल्टन यंग आयोगापुढची त्यांची साक्ष सांगाल. कोकणातल्या कुळांसमोर ग्रेज इनचे नाव काढायची गरज नाही. तिथे १९३७ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी मांडलेले खोती नष्ट करण्याचे विधेयक पुरे आहे. कामगारांसमोर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांच्याकडे मजूर खाते होते हे येईल. महिलांच्या मेळाव्यात हिंदू कोड बिल आणि १९५१ चा राजीनामा येईल. माणूस एकच आहे, पण चारही परिचय वेगळे आहेत आणि एकही अपुरा नाही. सगळी यादी प्रत्येक ठिकाणी वाचली असती तर कुळांना खोती ऐकू आली नसती आणि महिलांना राजीनामा.

आता आपल्या मंचावरचे एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. आमच्या भागातल्या एका विहारात एप्रिलमध्ये व्याख्यान होते. वक्त्या जिल्हा न्यायालयात वकिली करणाऱ्या एक ताई, आणि विषय अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यातले साक्षीदाराचे हक्क. त्यांचा बायोडाटा अडीच पानांचा. त्यात बी.ए., एलएल.बी., एलएल.एम., अकरा पुरस्कार, वीस-बावीस संस्थांवरची पदे, वाचलेले शोधनिबंध आणि लढवलेल्या खटल्यांची यादी. परिचय माझ्याकडे होता.

मी पाच दिवस आधी त्यांना फोन केला. हा फोन सगळ्यात महत्त्वाचा असतो आणि तोच कोणी करत नाही. बायोडाटा माणसाने नोकरीसाठी, पुरस्काराच्या अर्जासाठी किंवा कोणीतरी मागितला म्हणून कधीतरी केलेला असतो. आपल्या सभेसाठी तो केलेला नसतो. मी त्यांना तीनच गोष्टी विचारल्या. पहिली, नाव कसे घ्यायचे. लग्नाआधीचे की नंतरचे, वडिलांचे नाव मध्ये लावतात की आईचे, आडनाव लावतात की नाही. आपल्यातल्या अनेकांनी जात सांगणारे आडनाव जाणीवपूर्वक सोडले आहे. मंचावरून ते जुने आडनाव पुकारले की त्यांचा अर्धा उत्साह तिथेच जातो. दुसरी, या विषयाकडे त्या कशा वळल्या. तिसरी, काय सांगू नको.

दुसऱ्या प्रश्नाला त्यांनी जे उत्तर दिले ते अडीच पानांत कुठेच नव्हते. वकिलीच्या सुरुवातीच्या काळात त्यांच्या एका खटल्यातला साक्षीदार तारखेला आलाच नाही. सगळ्यांनी समजून घेतले की तो विकला गेला. ताई त्याच्या घरी गेल्या तेव्हा कळले की त्याच्याकडे एसटीचे भाडे नव्हते आणि तारखेला गेला असता तर त्या दिवसाची मजुरी बुडाली असती. तेव्हापासून हा प्रश्न त्यांच्या डोक्यात बसला. २०१५ च्या दुरुस्तीने या कायद्यात पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र कलम, पंधरा ए, आले. त्यात प्रवासखर्च आणि निर्वाहखर्च धरलेला आहे. तो अर्ज करून मिळवून देणे हेच त्या आता प्रत्येक खटल्यात पहिले काम समजतात. मी विचारले, "ताई, ही गोष्ट तुम्ही भाषणात सांगणार आहात का?" त्या म्हणाल्या, "तुम्हीच सांगा, मी तिथून पुढे सुरू करते." हे विचारणे विसरू नका. पाहुण्यांनी भाषणासाठी राखून ठेवलेला किस्सा आपण परिचयात उडवून टाकला, तर ते उठतात तेव्हा त्यांच्या हातात काहीच उरत नाही. मी एकदा असे केले आहे आणि त्या सरांचा चेहरा अजून आठवतो.

तिसऱ्या प्रश्नाने तर मला एका मोठ्या चुकीतून वाचवले. मंडळातल्या एका कार्यकर्त्याचा आग्रह होता की ताईंनी लढवलेल्या एका गाजलेल्या अत्याचार प्रकरणाचे नाव घ्यायचे, मुलीच्या गावासकट. टाळ्या पडतील म्हणे. ताईंनी स्पष्ट सांगितले की बलात्काराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. नाव न घेता ती मुलगी कोण हे लोकांना कळेल अशी माहिती दिली तरी तेच. आपला कार्यक्रम फेसबुकवर लाइव्ह चाललेला असतो. मंचावर उच्चारलेले वाक्य मैदानापुरते राहत नाही. त्या आणखी एक म्हणाल्या: "लोकांनो, तुमच्या केसेस ताईंकडे द्या, असं बोलू नका." वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे. आपण प्रेमाने बोलतो आणि अडचणीत त्या येतात.

असाच धोका सरकारी नोकरीतल्या पाहुण्यांचा असतो. महाराष्ट्रातल्या सरकारी कर्मचाऱ्याला १९७९ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे राजकीय पक्षाचे काम करता येत नाही. उत्साहाच्या भरात आपण त्यांना "आमच्या पक्षाचे खंदे कार्यकर्ते" म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी ती चित्रफीत त्यांच्या कार्यालयात पोहोचते. आजारपण, घटस्फोट, आंतरजातीय लग्न, घरातला मृत्यू यांबद्दल तर त्यांनी स्वतः "सांगा" म्हटल्याशिवाय शब्द काढू नये.

फोन झाल्यावर मी पेन घेऊन बसलो. जन्मगाव, शाळा, सर्व पुरस्कार आणि सर्व पदे कापली. एलएल.बी. कापली, कारण "ॲडव्होकेट" म्हटल्यावर ती आलीच. एलएल.एम. वर हात थबकला. समोर कायद्याचे विद्यार्थी असते तर ठेवली असती. पण त्या दिवशी समोर मजूर, बचतगटाच्या बाया आणि बारावीची मुले होती. त्यांना या ताई आपल्या उपयोगाच्या आहेत का, एवढेच कळायला हवे होते. वडील बाजार समितीत हमाल होते, हे मात्र त्यांना विचारून ठेवले. तेवढ्या एका वाक्यात पदव्यांची सगळी यादी जे सांगू पाहते ते येऊन जाते. शेवटी कागदावर हे उरले:

"पूज्य भन्तेंना वंदन. माझ्या सर्व बंधू-भगिनींना जयभीम. आजच्या प्रमुख पाहुण्या ॲडव्होकेट ताईंचं मी आपल्या सर्वांच्या वतीने मनापासून स्वागत करतो.

एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी ताईंच्या एका खटल्यात साक्षीदार तारखेला आला नाही. सगळे म्हणाले, फुटला. ताई त्याच्या घरी गेल्या. तो फुटला नव्हता. त्याच्याकडे एसटीला पैसे नव्हते, आणि कोर्टात गेला असता तर त्या दिवशी घरात चूल पेटली नसती.

आपल्यातले किती साक्षीदार असे घरी बसले असतील? तो खर्च आता कायद्याने मिळतो. तो मागायचा कसा, संरक्षण मागायचं कोणाकडे, हेच आज आपण ऐकणार आहोत. आणि ते ऐकणार आहोत गेली सतरा वर्षं जिल्हा न्यायालयात याच कामासाठी उभ्या राहणाऱ्या माणसाकडून. ताईंचे वडील बाजार समितीत हमाल होते. मजुरी बुडणं म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

भाषणानंतर ताई अर्धा तास थांबणार आहेत. कोणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा. मी ताईंना विनंती करतो की त्यांनी आपल्याशी बोलावं."

प्रत्यक्षात "ताईं"च्या जागी दोनदा त्यांचे पूर्ण नाव घेतले होते, एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटच्या वाक्यात. उशिरा आलेल्यांना सुरुवातीचे नाव ऐकू आलेले नसते, म्हणून शेवटी पुन्हा. घरी घड्याळ लावून मोठ्याने वाचले तेव्हा हे दीड मिनिटात बसले. मंचावर थांबत थांबत बोललो तेव्हा दोन मिनिटांच्या आत संपले. मनातल्या मनात वाचून वेळ मोजू नका, ती नेहमी कमी निघते.

या मजकुरात एकही विशेषण नाही हे लक्षात आले असेल. थोर विचारवंत, झुंजार नेतृत्व, समाजाची मुलूखमैदान तोफ हे शब्द आपण गल्लीतल्या प्रत्येकाला इतके वाटले आहेत की आता त्यांतून काहीच कळत नाही. शिवाय जितके मोठे विशेषण, तितकी पाहुण्याची पंचाईत. तो उठतो आणि पहिली दोन मिनिटे "मी एवढा मोठा नाही" हे सांगण्यात घालवतो. त्याने खरोखर केलेले एक काम सांगितले की तो सरळ विषयावर येतो.

आता एक अडचण अशी की आपल्याकडे स्वागत होते कार्यक्रमाच्या सुरुवातीला आणि पाहुणे बोलतात शेवटी. मधल्या तासाभरात परिचय वाहून जातो. आम्ही त्या दिवशी दोन्ही वेगळे केले. पुष्पगुच्छ आणि ग्रंथभेट सुरुवातीलाच उरकली, तेव्हा फक्त नाव घेतले. हे स्वागताचे बोलणे भाषणाच्या लगेच आधी ठेवले, आणि दोन्हींच्या मध्ये काहीही येऊ दिले नाही. ना गाणे, ना देणगीदारांची नावे, ना फोटो. सूत्रसंचालकाला आधी सांगावे लागते, नाहीतर तो सवयीने मध्ये चारोळी म्हणतो आणि पाहुण्यांचा अर्धा परिचय स्वतःच करून टाकतो. परिचय कोण देणार हे एकदा ठरले की दुसऱ्याने त्यात हात घालू नये. मंचावरच्या बाकीच्या मान्यवरांची नावेही सूत्रसंचालकाकडेच राहू द्या. ती परिचयात घेतलीत की दोन मिनिटांची सात होतात, आणि एक नाव राहिले तर आठवडाभर रुसवा.

आणि मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "पाहुण्यांनी एवढा कागद पाठवला आणि आपण वाचला नाही, तर त्यांना काय वाटेल?" तर तो कागद वाया घालवू नये. आम्ही त्यातली मुख्य माहिती दोन दिवस आधी फोटोसह वस्तीच्या ग्रुपवर टाकली आणि एक प्रत विहाराच्या फलकावर लावली. ज्यांना पुरस्कार वाचायचे होते त्यांनी वाचले. ताईंनाही फोनवर आधीच सांगितले होते की तुमचा पूर्ण परिचय फलकावर असेल, मंचावर थोडक्यात घेतो. त्या हसून म्हणाल्या, बरे झाले.

प्रमुख पाहुणे भिक्खू असतील तर मात्र हे सगळे लागू होत नाही. भन्तेंनी घर सोडलेले असते. त्यांचे गृहस्थाश्रमातले नाव, गाव, नोकरी, शिक्षण यांची यादी वाचणे म्हणजे त्यांनी मागे ठेवलेले पुन्हा त्यांच्या अंगावर टाकणे. पूज्य भदन्त आणि धम्मनाम, सध्या कोणत्या विहारात वास्तव्य आहे, आणि त्यांची हरकत नसेल तर किती वर्षावास झाले, एवढे पुरे. संघात ज्येष्ठता वर्षावासावरून मोजतात, पदवीवरून नाही. हार घालणे आणि हस्तांदोलन टाळावे. आधी वंदन करावे, मगच माइक हाती घ्यावा. मंचावर इतर कोणी कितीही मोठा नेता असला तरी संबोधनात पहिले नाव भन्तेंचे.

ताईंच्या कार्यक्रमात मी बोलून बाजूला झालो तेव्हा नऊला पाच मिनिटे कमी होती. त्या उभ्या राहिल्या, माइक स्वतःच्या उंचीला खाली केला (हे मीच करायला हवे होते, पुढच्या वेळी करीन) आणि जयभीम म्हणून थेट बोलल्या, "तर तो साक्षीदार पुढच्या तारखेला आला." मागच्या रांगेतली पोरे बसून राहिली. पावणेदहाला भाषण संपले, आणि त्यानंतर एक म्हातारे बाबा हातात समन्सचा कागद घेऊन मंचाच्या पायरीशी त्यांची वाट पाहत उभे होते.